शेजारच्या घरापासून ३ मीटरवर ९ मीटर खोल खोदकाम: जमिनीच्या हालचालीवर लक्ष ठेवण्याचा आराखडा

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढं कळलं की काठावरचा दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवतो. खोल खोदकामातली इशारा-पातळी म्हणजे हेच. एक खूण, आणि पाणी त्या खुणेला लागलं की कोणी काय करायचं याचा आधीच झालेला निर्णय. साइटवरच्या बहुतेक आराखड्यांत खूण असते, निर्णय नसतो. मग पिवळा रंग लागलेला आकडा चार दिवस ग्रुपवर फिरत राहतो आणि पोकलेन चालूच राहतो.

हा लेख पहिल्यांदाच असा आराखडा करायला बसलेल्या साइट इंजिनिअरसाठी आहे. सगळ्या प्रकारची खोदकामं एका लेखात बसणार नाहीत, म्हणून नाशिकच्या जुन्या वस्तीत सहज दिसेल असं एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरणातली साइट

खड्डा १८ मीटर रुंद, २६ मीटर लांब आणि ९ मीटर खोल, दोन मजली तळघरासाठी. उत्तरेला खड्ड्याच्या कडेपासून ३ मीटरवर एक दुमजली जुनं घर आहे. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, पाया उथळ, घराची खड्ड्याकडून मागे जाणारी रुंदी ८ मीटर. म्हणजे जवळची भिंत ३ मीटरवर आणि मागची ११ मीटरवर. पूर्वेला रस्ता, त्याखाली पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन. उरलेल्या दोन बाजू मोकळ्या.

जमिनीत वरचे २ मीटर भराव आणि काळी माती, ५ मीटरपर्यंत मुरूम, ७.५ मीटरपर्यंत भेगाळलेला मऊ कातळ आणि त्याखाली टणक काळा पाषाण. आधाराला ६०० मिमी व्यासाचे पाइल एकमेकांलगत, आणि २.५ मीटर खोलीवर लोखंडी स्ट्रटची एक रांग. शेजाऱ्याच्या घराखालून अँकर मारायला परवानगी मिळत नाही, म्हणून स्ट्रट. पाइल ८ मीटरवर, टणक पाषाणात अर्धा मीटर रुतवून थांबवलेले. खोदकाम मात्र ९ मीटरपर्यंत जाणार आहे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली पायरी: लाल पातळी घरावरून काढा

नवखा माणूस पाइलच्या हिशोबापासून सुरुवात करतो. डिझायनर सांगतो पाइल १४ मिमी सरकेल. मग १४ ला १.५ ने गुणून २१ लाल, असं टेबल तयार होतं. यात शेजारचं घर कुठेच आलं नाही. पाइल कदाचित ४० मिमी सरकूनही उभा राहील, घराच्या भिंती राहणार नाहीत.

म्हणून उलटं चला. घराला त्रास होतो तो सगळं घर सारखं बसल्यामुळे नव्हे, एक बाजू जास्त आणि दुसरी कमी बसल्यामुळे. दोन भिंतींच्या बसण्यातला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, हे प्रमाण १/५०० च्या आत असेल तर सहसा तडे जात नाहीत असा जुना मापदंड आहे. पण चुन्यातल्या भिंतींनी आधीच काही हालचाल पोटात घेतलेली असते, ती किती हे कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे इथे १/८०० धरू. ८ मीटरला ८०० ने भागलं की १० मिमी येतात. दोन भिंतींत १० मिमी फरक पडला की लाल.

आता डिझायनरचे आकडे घ्या. त्याच्या हिशोबात खोदकाम पूर्ण झाल्यावर पाइल १४ मिमी सरकतो, जवळची भिंत ८ मिमी बसते आणि मागची २ मिमी. फरक ६ मिमी. याच प्रमाणात फरक १० वर जायचा तर जवळची भिंत साधारण १३ मिमी बसेल. थोडा हात राखून तिची लाल पातळी १२. भिंत १२ मिमी बसेल तेव्हा पाइल १२ × १४ ÷ ८, म्हणजे २१ मिमी सरकलेला असेल. त्याची लाल पातळी २०.

पिवळी पातळी मात्र डिझायनरच्या हिशोबातूनच घ्यायची: भिंतीला ८, पाइलला १४. आकडा पिवळ्यावर पोचला याचा अर्थ जमीन हिशोबाच्या बाहेर जाऊ लागली. लाल म्हणजे शेजाऱ्याचं घर धोक्यात आलं. दोन्ही रंगांचे मालक वेगळे आहेत. हा भेद पुढे एका ठिकाणी फार कामाला येतो.

दुसरी पायरी: खोलीप्रमाणे टप्पे पाडा

१४ मिमी हा शेवटच्या दिवसाचा आकडा आहे. स्ट्रट बसायच्या आधी, ३ मीटर खोदलेलं असताना, पाइल ९ मिमी सरकला तर ९ हे १४ पेक्षा कमी म्हणून टेबल हिरवंच दाखवेल. पण त्या टप्प्याला हिशोबात ६ च मिमी असतील तर हालचाल दीडपट झाली आहे आणि अजून ६ मीटर खोदायचे आहेत. डिझायनरकडून प्रत्येक टप्प्याचा वेगळा आकडा मागून घ्या. तो त्याच्याकडे असतोच, कारण त्याचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानेच चालतं. रिपोर्टमध्ये फक्त शेवटचा छापलेला असतो.

आपल्या साइटचं टेबल असं:

| काय मोजायचं | पिवळी | लाल |
|---|---|---|
| पाइलची आडवी सरक, खोदकाम ३ मी. | ६ मिमी | ९ मिमी |
| पाइलची आडवी सरक, खोदकाम ६ मी. | १० मिमी | १४ मिमी |
| पाइलची आडवी सरक, खोदकाम ९ मी. | १४ मिमी | २० मिमी |
| घराची जवळची भिंत बसणे | ८ मिमी | १२ मिमी |
| घराच्या दोन भिंतींतला फरक | ६ मिमी | १० मिमी |
| जुन्या तड्याची वाढ | ०.५ मिमी | १.५ मिमी |
| खड्ड्याबाहेरचं भूजल खाली जाणे | १ मी. | २ मी. |
| एका स्ट्रटवरचा भार (क्षमता ८० टन) | ५० टन | ६५ टन |

याच्या जोडीला वेगाची अट लागते, कारण एकूण आकडा हिरव्यात असतानाही जमीन धावायला लागलेली असू शकते. सलग दोन दिवस रोज १.५ मिमीपेक्षा जास्त सरक म्हणजे पिवळी, आणि २४ तासांत ३ मिमी म्हणजे लाल, अर्थात रीडिंग पुन्हा घेऊन खात्री झाल्यावर.

पातळी ठरवताना उपकरणाच्या अचूकतेकडेही बघा. टोटल स्टेशनने प्रिझम वाचताना साइटवर १ ते २ मिमीची चूक गृहीतच असते. त्यावर २ मिमीची पिवळी ठेवली तर दर तिसऱ्या दिवशी खोटा इशारा येईल आणि महिन्याभरात खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी बघणार नाही. पातळी अचूकतेच्या निदान तिप्पट असावी. भिंतीचं बसणं डिजिटल लेव्हल आणि इन्व्हार स्टाफनेच मोजायचं ते यामुळेच.

तिसरी पायरी: खुणा कुठे आणि कशा बसवायच्या

नाशिकमध्ये सगळ्यात जास्त फसवते ती काळी माती. उन्हाळ्यात आकसते, पहिल्या दमदार पावसानंतर फुगते आणि तिच्यात ठोकलेली खुंटी खोदकाम नसतानाही वर-खाली होते. मे महिन्यात घेतलेल्या पहिल्या रीडिंगशी जुलैमधलं रीडिंग ताडलं तर जमीन ५ मिमी वर आलेली दिसू शकते. त्याच वेळी खड्ड्यामुळे ती ५ मिमी बसली असेल तर टेबलात शून्य येईल आणि सगळे निश्चिंत राहतील.

उपाय दोन. जमिनीवरची खूण मुरमापर्यंत न्या. ५० मिमीचा पाइप काळ्या मातीतून उतरवायचा, त्याच्या आत २० मिमीची सळई, जी खाली मुरमात अर्धा मीटर सिमेंटने पकडलेली आणि वर पाइपला न टेकणारी असेल. माती पाइपला ओढेल, सळई जागेवर राहील. रस्त्यावरही हेच. डांबरात ठोकलेला खिळा उपयोगाचा नाही, कारण खालची माती बसली तरी डांबराचा थर पुलासारखा तरंगत राहतो आणि एक दिवस एकदम खड्डा पडतो.

दुसरा उपाय घरासाठी. घराचा पाया काळ्या मातीतच असेल तर घर स्वतःच ऋतूप्रमाणे हलतं. जोत्यात बोल्ट बसवून त्यावर स्टाफ धरायचा हे ठीक, पण त्याबरोबर खड्ड्यापासून ४० मीटरपलीकडे तशाच बांधणीचं एखादं घर बघून तिथेही दोन बोल्ट लावा. त्या साक्षीदार घराची हालचाल ही ऋतूची. आपल्या घराच्या हालचालीतून ती वजा केली की उरते ती खड्ड्यामुळे झालेली. घरमालकाला हे आधी नीट समजावून सांगा. ‘काका, तुमच्या घराला धोका नाही, तुमचं घर आम्हाला माप म्हणून हवंय’ एवढं म्हटलं तरी बहुतेक जण तयार होतात.

ज्यावरून सगळं मोजायचं ते बेंचमार्क दोन हवेत, टणक कातळात ड्रिल करून, खड्ड्याच्या खोलीच्या तिपटीहून लांब. आपल्याकडे २७ मीटर होतात, ४० मीटरवर लावू. विजेचा खांब, गटाराची कड किंवा शेजारच्या कंपाउंडचा कोपरा हा बेंचमार्क नव्हे. दोन्हींमधला फरक महिन्यातून एकदा तपासा. तो बदलला तर दोघांपैकी एक हललाय.

इन्क्लिनोमीटर: तळ कुठे टेकतो ते बघा

पाइल कोणत्या खोलीवर किती सरकला हे इन्क्लिनोमीटर सांगतो. पाइलच्या मागे अर्धा ते एक मीटरवर बोअर घेऊन त्यात चार खाचांची प्लास्टिक केसिंग उतरवतात आणि भोवतीची पोकळी सिमेंट-बेंटोनाइटने भरतात. खाचांची एक जोडी खड्ड्याच्या बरोबर काटकोनात हवी. उत्तरेला दोन आणि रस्त्याच्या बाजूला एक, एवढे आपल्याला पुरेत. उत्तरेच्या पहिल्याला आय-१ म्हणू.

हे उपकरण सरक मोजत नाही, तिरकेपणा मोजतं. दर अर्ध्या मीटरचा तिरकेपणा तळापासून वर बेरीज करत गेलं की सरक मिळते. म्हणजे तळ हललेला नाही हे गृहीतक आहे. आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ आठवा: पाइल ८ मीटरवर थांबलाय, खोदकाम ९ मीटरपर्यंत जाणार. शेवटच्या मीटरभर कातळात ब्रेकर चालताना पाइलच्या बुडापुढचा दगड भेगेवरून सुटला तर पाइलचं बूड खड्ड्यात सरकतं. पैसे वाचवायला केसिंग पाइलएवढीच, ८ मीटर ठेवली असेल तर तिचा तळही पाइलबरोबर सरकेल. उपकरण मात्र त्या तळाला शून्य धरेल. बूड ६ मिमी पुढे आलं आणि डोकं स्ट्रटने जागेवर धरलं, तर आलेखात डोकं ६ मिमी मागे गेलेलं दिसेल आणि बघणारा म्हणेल, छान, पाइल मागे जातोय.

म्हणून केसिंग १२ मीटर, म्हणजे खोदकामाच्या तळाखाली ३ मीटर टणक पाषाणात. तरीही केसिंगच्या तोंडावर एक प्रिझम लावा आणि टोटल स्टेशनने आठवड्यातून दोनदा वाचा. दोन्ही आकडे २ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. आलेखात ८ मीटरपाशी अचानक कोपर दिसलं तर एकूण आकडा कितीही लहान असो, ब्रेकर थांबवून बुडापुढचा दगड स्वतः खाली उतरून बघा.

रीडिंगची पद्धत थोडक्यात. प्रोब तळाशी सोडून १० मिनिटं थांबायचं, म्हणजे तो आतल्या तापमानाला येतो. मग दर अर्ध्या मीटरला वाचत वर यायचं, प्रोब १८० अंशांत फिरवायचा आणि पुन्हा तेच. दोन्ही फेऱ्यांच्या आकड्यांची बेरीज प्रत्येक खोलीला जवळजवळ सारखी यायला हवी. एखाद्याच खोलीला ती उडाली तर तिथे चाक खाचेत बसलं नाही किंवा केसिंगमध्ये गाळ गेलाय. अशी फेरी पाठवायची नाही, पुन्हा घ्यायची. आणि केसिंगच्या तोंडाला कुलूपवालं झाकण हवं. पावसाळ्यात उघड्या केसिंगचं काय होतं ते सांगायला नको.

बाकीची उपकरणं

स्ट्रटवरच्या लोड सेलचं रीडिंग रोज एकाच वेळी घ्या, शक्यतो सकाळी ८ च्या आत. नाशिकच्या हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत २० अंशांचा फरक सहज पडतो. १८ मीटरचा लोखंडी स्ट्रट तेवढ्या फरकाने मोकळा असता तर ४ मिमीहून जास्त वाढला असता. दोन्हीकडून पाइलमध्ये अडकल्यावर तीच वाढ भाराच्या रूपाने दिसते. दुपारी ३ वाजता घेतलेला ५३ टनांचा आकडा पाहून घाबरायचं नाही, आणि सकाळी ८ चा ५३ दुपारच्या उन्हावर ढकलायचा नाही.

भूजलासाठी घराच्या आणि खड्ड्याच्या मध्ये एक स्टँडपाइप. कातळातलं पाणी भेगांतून आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यातून येतं, त्यामुळे एकाच भिंतीवर एक कोपरा कोरडा आणि दुसरा झरणारा असतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नदीजवळच्या साइटवर पातळी रोज बघा. आणि आणखी एक फुकटचं उपकरण: पंपाच्या पाण्याने रोज एक काचेची बाटली भरून खिडकीत ठेवा. तासाभरानंतर तळाशी बारीक गाळाचा थर दिसला तर पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या पायाखालची माती येते आहे. पंप वाढवणं हा त्यावर उपाय नव्हे. जिथून गढूळ पाणी येतं तिथे जिओटेक्स्टाइल लावून वर खडीचा दाब द्यायचा.

ब्रेकरच्या हादऱ्यांसाठी घराच्या जोत्यावर व्हायब्रेशन मीटर. खाणींतल्या सुरुंगासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएमएसने, १९९७ मध्ये दिलेल्या मर्यादांत नाजूक आणि ऐतिहासिक वास्तूंना ८ हर्ट्झच्या खाली २ मिमी प्रति सेकंद आणि ८ ते २५ हर्ट्झला ५ मिमी प्रति सेकंद आहे. ब्रेकरसाठी वेगळं काही ठरलेलं नसेल तर चुन्यातल्या घराला हेच आकडे लावा.

चौथी पायरी: खोदण्यापूर्वीची नोंद

सगळी उपकरणं बसवून झाल्यावर, पहिली बकेट लागण्यापूर्वी, दोन आठवड्यांत निदान तीन पूर्ण रीडिंग घ्या. तिन्ही एकमेकांशी जुळली तरच त्यांची सरासरी शून्य म्हणून धरायची. उशिरा बसवलेलं उपकरण तोवर झालेली हालचाल कधीच सांगू शकत नाही. पाइलिंगच्या वेळीच जमीन थोडी बसते, म्हणून घराच्या बोल्टांचं शून्य पाइलिंगच्याही आधीचं हवं.

घराच्या आतली पाहणी मालकासमोर करा. प्रत्येक तड्याला नंबर, शेजारी पट्टी धरून फोटो, आणि तड्याच्या दोन बाजूंना पितळी पिना, ज्यांच्यातलं अंतर कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत मोजता येईल. कागदावर तारीख आणि मालकाची सही. पुढे वाद झालाच तर ‘हा तडा जुनाच होता’ हे बोलून सिद्ध होत नाही.

पाचवी पायरी: किती वेळा मोजायचं आणि कळवायचं

उत्तरेच्या बाजूला खोदकाम चालू असताना घर, इन्क्लिनोमीटर आणि स्ट्रट रोज. त्या बाजूला काम नसेल तर आठवड्यातून दोनदा. तळाचा राफ्ट पडल्यावर आठवड्यातून एकदा. इथपर्यंत सगळे पाळतात. विसरतात ते स्ट्रट काढताना. तळघराचा स्लॅब झाला, आता काय होणार, म्हणून रीडिंग बंद केलेली असतात आणि स्ट्रट कापल्यावर भार स्लॅबवर जाताना पाइल पुन्हा ३-४ मिमी सरकतो. स्ट्रट काढायच्या आदल्या दिवसापासून आठवडाभर पुन्हा रोज. नंतर महिन्यातून एकदा, सलग तीन रीडिंगमधला बदल उपकरणाच्या अचूकतेच्या आत येईपर्यंत.

पिवळी लागली की त्या भागात दिवसातून दोनदा. लाल लागली की दर २ तासांनी, रात्रीसुद्धा, आणि तेव्हा खड्ड्यात न उतरता वाचता येणारीच उपकरणं वापरायची. प्रिझम खड्ड्याच्या काठाबाहेरून दिसतील असे लावायचे ते याचसाठी.

रोजचं रीडिंग सकाळी ७ ते ८.३० च्या दरम्यान, ९.३० ला निरोप, आणि निरोप गेल्यावरच पोकलेन चालू. आकडा नाही तर खोदकाम नाही, हा नियम कंत्राटातच लिहा. निरोप असा असावा की डिझायनरला फाइल न उघडता कळेल:

‘बुधवार, स. ९.२०. उत्तर बाजू, खोदकाम ३ मी. आय-१: ७.५ मिमी (काल ५.५, परवा ३.५). टप्प्याची पिवळी ६, लाल ९. पिवळी. घर जवळची भिंत २.५, मागची ०.५. पाणी बदल नाही. रीडिंग पुन्हा घेतोय, ११ ला कळवतो.’

संध्याकाळी आलेखांसह एक पान. त्या आलेखात आकड्यांच्या रेषेखाली खोदकामाची खोली आणि पाऊस हवाच, नाहीतर रेषा का वळली ते कोणालाच सांगता येत नाही. आठवड्याचा अहवाल डिझायनरच्या सहीने. लाल मात्र फोनवर, १५ मिनिटांत, समोरून ‘कळलं’ असं ऐकेपर्यंत. ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे कळवणं नव्हे.

सहावी पायरी: रंग लागल्यावर काय करायचं

वरच्या निरोपातलाच बुधवार पुढे नेऊ. आय-१ ला ७.५, म्हणजे ३ मीटरच्या टप्प्याची पिवळी ओलांडली, आणि सलग दोन दिवस वेगही १.५ च्या वर. साइट इंजिनिअर उत्तरेचं खोदकाम थांबवतो. यासाठी त्याला कोणाला विचारावं लागत नाही. दोन तासांच्या आत दुसरी फेरी घेतो: ७.४, बेरीज जुळते. केसिंगच्या तोंडावरचा प्रिझम ७ दाखवतो. म्हणजे आकडा खरा आहे.

मग कारण शोधायला टेप घेऊन खाली. स्ट्रट २.५ मीटरवर, वेल्डरला उभं राहायला जागा हवी म्हणून ३ मीटरपर्यंत खोदायची परवानगी. प्रत्यक्षात पोकलेनवाल्याने ३.६ पर्यंत नेलंय, आणि वर काठावर सळयांचा नवा ढीग उतरवलाय. ही जोडगोळी फार नेहमीची आहे. दुपारपर्यंत ढीग काठापासून ९ मीटर मागे, जास्तीचे ६० सेंटिमीटर मुरमाने भरून दाबलेले, आणि स्ट्रट बसवायचं काम रात्रीपर्यंत उरकलेलं. गुरुवारी ८, शुक्रवारी ८, शनिवारी ८.१. थांबलं.

आता डिझायनर नवे आकडे घालून हिशोब पुन्हा चालवतो आणि सांगतो की शेवटची सरक १४ ऐवजी १६ होईल. पिवळी १६ करायची का? करता येईल, त्याच्या लेखी सहीने आणि कारण लिहून. मग लालही २० ची २३ करू, असं साइटवरून कोणीतरी म्हणतंच. नाही. लाल घरावरून आली आहे आणि घर काही मजबूत झालेलं नाही. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ ला निकोल हायवेलगतचं खोल खोदकाम कोसळून ४ जण गेले. त्याच्या चौकशीत पुढे आलेल्या अनेक गोष्टींपैकी एक हीच: मर्यादा ओलांडल्या गेल्या तेव्हा मागे जाऊन हिशोब बदलला गेला आणि मर्यादा वाढवल्या गेल्या.

लाल लागली तर क्रम असा: माणसं खड्ड्याबाहेर, खड्ड्यातलं काम बंद, काठावरची वाहनं मागे, फोन, आणि पाइलच्या पायाशी भराव. हा भराव आधीच मोजून ठेवा. २ मीटर उंच, माथ्याला १.५ मीटर रुंद आणि १:१ उताराचा बंधारा धरला तर बुडाला ३.५ मीटर, म्हणजे मीटरमागे ५ घनमीटर मुरूम. घरासमोरच्या १२ मीटर लांबीला ६० घनमीटर, १० घनमीटरच्या डंपरच्या ६ खेपा. रात्री ११ ला, किंवा मिरवणुकीसाठी रस्ते बंद असलेल्या दिवशी, ६ खेपा येत नाहीत. म्हणून तेवढा मुरूम खड्ड्याच्या दक्षिण टोकाला, किंवा बाहेर काठापासून ९ मीटरपलीकडे कायम ठेवायचा. एक पोकलेन रात्री साइटवरच, आणि त्याची किल्ली ऑपरेटरच्या खिशात घरी जाता कामा नये. बुडाशी भराव घालायला पोकलेन खाली न्यावा लागेल तर डिझायनरच्या होकाराशिवाय उतरवू नका. वरून लांब बूमने टाकता येतो.

घर रिकामं करायचा निर्णय कोण घेणार, घरमालकाला कोण फोन करणार, रात्री कुटुंबाला कुठे नेणार, महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला कोण कळवणार, ही नावं आणि नंबर आराखड्याच्या पहिल्याच पानावर. प्रत्येक नावापुढे एक बदली नाव, कारण लाल पातळी दिवाळीची सुट्टी बघून येत नाही. हे पान साइट ऑफिसच्या भिंतीवर आणि वॉचमनच्या केबिनमध्येही लावा. दर महिन्याला एकदा, न सांगता, रात्री सगळे नंबर लावून बघा. बदललेला नंबर किंवा न उचललेला फोन तेव्हाच सापडतो.